नायगाराच्या घळईतील दप्तर

एरी सरोवरातून निघून ओंटारिओ सरोवरास मिळणारी नायगारा नदी लांबीने अवघी 36 मैलांची आहे. परंतु तेवढ्या अल्प प्रवासात ती 326 फूट खाली उतरते, आणि त्या उतरणीचा अर्ध्याहून अधिक भाग ती एकाच ठिकाणी, कड्यावरून उडी घेऊन संपवते. प्रपाताचे वैभव पाहण्यास जाणारे बहुतेक प्रवासी त्या उडीच्या समोर उभे राहून परत फिरतात. नदीचा इतिहास ज्याला वाचावयाचा आहे त्याने मात्र प्रपाताकडे पाठ करून प्रवाहाबरोबर खाली चालू लागावे. कारण प्रपाताच्या पायथ्यापासून क्वीन्स्टन येथील डोंगरकड्याच्या तोंडापर्यंत जी सुमारे 7 मैलांची उभ्या भिंतींची घळई पसरली आहे, तिच्यातील प्रत्येक जागी केव्हा ना केव्हा हाच प्रपात उभा होता. तो क्वीन्स्टनला जन्मला, आणि शतकानुशतके मागे मागे सरत आज आहे त्या ठिकाणी येऊन पोहोचला.

उगमापासून मुखापर्यंत नदीच्या तळाची रेषा काढली, तर सामान्यतः ती वरच्या बाजूस तीव्र आणि खाली क्रमाने मंदावत जाणारी अशी सलग वक्ररेषा असते. कोठे ती रेषा एकाएकी मोडते आणि तळ पायरीसारखा खाली जातो, त्या बिंदूस भूगोलशास्त्रज्ञ निक पॉइंट म्हणतात. पायरीच्या माथ्यावर पाण्याचा वेग वाढतो, तेथे झीज अधिक होते, आणि म्हणून ती पायरी उगमाच्या दिशेने सरकते. खडक सर्वत्र एकजिनसी असेल तर सरकता सरकता तिचा उभेपणा नाहीसा होऊन अखेर केवळ द्रुतवाह उरतो. प्रपात म्हणून ती टिकून राहावयाची, तर वर कठीण थर आणि खाली मृदू थर अशी रचना बहुधा लागते. दख्खनच्या पठारावर प्रवरेचा रंधा धबधबा पाहताना हे ध्यानात ठेवणे इष्ट आहे: बेसाल्टाच्या एकावर एक पसरलेल्या थरांत कठीण थर आपल्या जागी पायरी धरून बसू शकतो, आणि केवळ पायरी दिसली एवढ्यावरून ती फार दूरवरून चालत आली, असा निष्कर्ष काढता येत नाही. तिच्याखाली घळई आहे काय, ती किती लांब आहे, आणि तिच्या भिंतींत वरपासून खालपर्यंत तेच थर दिसतात काय, हे दाखले आधी मागावे लागतात.

नायगाराजवळ हे सर्व दाखले हजर आहेत. माथ्यावर सुमारे 80 फूट जाडीचा डोलोमाइट या कठीण चुनखडकाचा थर आहे आणि त्याच्याखाली जवळजवळ 60 फूट जाडीचा मृदू, चिखलापासून बनलेला शेल आहे. तुषारांनी भिजून, हिवाळ्यात गोठून आणि वसंतात सैल होऊन शेल आतून पोखरला जातो. वरचा डोलोमाइट छज्ज्यासारखा पुढे लोंबकळत राहतो आणि आधार सुटला की प्रचंड शिळांच्या रूपाने कोसळतो. घोड्याच्या नालेच्या आकाराचा जो मोठा प्रपात आहे, त्याच्या पायथ्याशी पाण्याने खोल डोह कोरला आहे. कोसळलेल्या शिळा त्या डोहात जात्यासारख्या फिरत राहून खालचे मृदू थर दळून काढतात आणि स्वतःही झिजून जातात. अशा रीतीने पुढच्या पडझडीसाठी पायथा सदैव मोकळा राहतो.

एकोणिसाव्या शतकातील विद्वानांना या माघारीत एक मोठी संधी दिसली. घळईची लांबी ठाऊक आहे. प्रपात वर्षाला किती फूट सरतो हे कळले, तर साध्या भागाकाराने नदीचे वय निघेल, आणि हिमयुगाचा बर्फ तेथून हटल्याला किती काळ झाला याचेही उत्तर मिळेल! रॉबर्ट बेकवेल याने 1829 च्या सुमारास, 40 वर्षांत प्रपात सुमारे 50 यार्ड मागे गेला या स्थानिक रहिवाशाच्या सांगण्यावर विसंबून सुमारे 10,000 वर्षांचा हिशेब मांडला. 1841 साली चार्ल्स लायल हा ब्रिटिश भूशास्त्रज्ञ न्यूयॉर्क संस्थानचा भूशास्त्रज्ञ जेम्स हॉल याच्यासमवेत तेथे आला. वर्षाला एक फूट ही गती त्याला अधिक संभवनीय वाटली, आणि वय 35,000 वर्षांवर गेले. पुढे मोजणीची खरी साधने हाती आली. हॉलने 1842 मध्ये प्रपाताच्या कडेची रीतसर पाहणी करून खुणेचे दगड बसविले, आणि त्यानंतर 1875, 1886, 1890 व 1905 या साली फेरमोजण्या झाल्या. अमेरिकेच्या भूशास्त्रीय खात्यातील ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने त्या सर्वांचा ताळा घेऊन 1907 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा, की मोठा प्रपात वर्षाला सरासरी 5 फूट मागे सरत आहे. या गतीने भागाकार केला तर नदीचे वय अवघे सात हजार वर्षांच्या घरात येते. एकाच घळईची तीन वये निघाली, आणि सर्वांत लहान वयाच्या पाठीशी सर्वांत चांगली मोजणी होती. दोष मोजणीचा नव्हता. गती सर्वकाळ एकच राहिली असेल, हे जे न बोलता गृहीत धरले होते, त्यात तो होता.

त्याची साक्ष प्रपाताच्या समोरच मिळते. गोट आयलंड या बेटाने नदी दुभंगली आहे; एका बाजूस मोठा प्रपात, दुसऱ्या बाजूस अमेरिकन प्रपात. कातळ तोच, थरांचा क्रम तोच, हवामान तेच, आणि उंचीही जवळजवळ तीच. भेद एवढाच, की अमेरिकन बाजूस पाण्याचा सुमारे एक-दशांश भाग जातो. मोठा प्रपात वर्षाला 5 फूट सरत असता अमेरिकन प्रपाताची माघार 3 इंचांहूनही कमी असल्याचे गिल्बर्टला आढळले. 1827 साली कॅप्टन बेसिल हॉल याने कॅमेरा ल्युसिडा या यंत्राच्या साहाय्याने काढलेली रेखाचित्रे त्याने मिळविली व नव्या छायाचित्रांशी ताडून पाहिली. या मंद गतीचे कारण पायथ्याशी दिसते. कोसळलेल्या शिळा दळून टाकण्याचे सामर्थ्य तेथील पाण्यात नाही. त्या शिळांचा ढीग साचून कड्याचाच आधार होतो. 1931 आणि 1954 मध्ये मोठमोठे कडे ढासळून तो ढीग वाढला, आणि 1969 च्या उन्हाळ्यात बांध घालून अमेरिकन प्रपात कोरडा करून त्या शिळांची तपासणी करण्यात आली. अखेर त्या तेथेच राहू देण्याचे ठरले.

पाणी कमी झाले तर त्याच प्रमाणात माघारही कमी होते असे नव्हे. एका मर्यादेखाली ती जवळजवळ थांबते. हे एकदा मान्य केले, की घळईतील अरुंद आणि रुंद भाग बोलू लागतात, कारण बर्फ हटल्यानंतरच्या काळात नायगाराला सदैव आजच्याइतके पाणी मिळाले नाही. हिमस्तराच्या भाराने उत्तरेकडची भूमी दबली होती. त्यामुळे सुपिरिअर, मिशिगन आणि ह्युरॉन या वरच्या सरोवरांचे पाणी दीर्घकाळ एरीकडे न येता उत्तरेकडील नॉर्थ बे येथील वाटेने ओटावा नदीत जात असे. नायगाराच्या वाट्याला तेव्हा एरीचे एकट्याचे पाणी, म्हणजे आजच्या एक-दशांशाच्या आसपास, येत होते. भार उतरलेली भूमी हळूहळू वर उचलली जाऊन ती उत्तरवाट बंद झाली, आणि सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तीन सरोवरांचे पाणी पुन्हा दक्षिणेकडे वळले. त्याबरोबर मोठा प्रपात पुन्हा बलवान झाला.

आता खालून वर चालावे. क्वीन्स्टनच्या वर काही अंतरावर, कॅनडाच्या तीरावर, नायगारा ग्लेन नावाचा शिळांनी भरलेला खोलगट प्रदेश आहे, आणि त्याच्या डोक्यावर विंटरग्रीन फ्लॅट्स ही सपाट कातळभूमी. ती नदीचा सोडून दिलेला जुना तळ आहे. तिच्या टोकाला एक कोरडा कडा आहे, जेथून एके काळी पाणी पडत असे. बेटामुळे नदी त्या वेळीही दुभंगलेली होती, परंतु तेव्हा थोरला प्रपात अमेरिकेच्या बाजूस होता. तो बेटाच्या मागे निघून जाताच कॅनडाकडील शाखेचे पाणी तोडले गेले आणि ती कोरडी पडली. आजच्या दोन प्रपातांचे नातेही कालांतराने असेच संपावयाचे आहे, फक्त बाजू उलट आहेत.

त्याहून वर नदी एकाएकी काटकोनात वळते, आणि त्या वळणावर प्रचंड भोवरा आहे. भोवऱ्याभोवतीच्या भिंती पाहाव्यात: सर्व बाजूंस थरांचा खडक आहे, एका वायव्येकडील बाजूस मात्र माती, रेती आणि गोटे. लायलच्या नजरेतून हे सुटले नाही. त्या मातीच्या भिंतीची दिशा धरून पुढे गेले, की क्वीन्स्टनच्या पश्चिमेस सेंट डेव्हिड्स येथे डोंगरकड्यात एक रुंद खिंड लागते. शेवटचा हिमस्तर येण्याआधीच्या एखाद्या कालखंडात येथे दुसरीच नदी वाहत होती. तिने घळई खोदली, नंतर हिमस्तराने आणलेल्या गाळाने ती काठोकाठ भरून टाकली. नव्या नायगाराचा प्रपात खडक फोडत मागे सरत असता त्या पुरलेल्या घळईला येऊन भिडला, आणि हजारो वर्षांचा क्रम मोडून तेथील सैल भर अत्यल्प काळात धुऊन निघाली. मग पुन्हा कठीण खडक लागला आणि मंद कार्य नव्याने सुरू झाले.

भोवऱ्याच्या वर, भयंकर लाटांनी उसळणारा अरुंद व उथळ भाग लागतो, आणि त्यापुढे घळई पुन्हा रुंद आणि खोल होते. फ्रँक टेलर या संशोधकाने असे मानले की तो अरुंद भाग एरीच्या एकट्या पाण्याने, म्हणजे दुष्काळात, खोदला गेला, आणि वरचा रुंद भाग सरोवरांचे पाणी परत आल्यानंतरचा. कल्पना देखणी होती व दीर्घकाळ ग्रंथांतरी नांदली. कालमापनाची नवी साधने आल्यावर मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी तो दुष्काळ भोवऱ्याच्या खाली, नायगारा ग्लेनच्या परिसरात नेऊन ठेवला. मला यात एक इशारा दिसतो: अरुंद घळई म्हणजे अल्प जल, हे समीकरण खडक सर्वत्र अखंड असेल तेथेच धरावे, पुरलेल्या घळईच्या शेजारी, जेथे पाण्याच्या आधीच कोणी वाट काढून ठेवलेली असू शकते, तेथे भिंतीची रुंदी एकटी साक्ष देण्यास पुरेशी नाही.

बर्फ हटून नदी सुरू झाल्याला सुमारे 12,000 वर्षे झाली, असे आता मानले जाते. बेकवेलचा आकडा त्याच्या सर्वांत जवळ पडला, पण तो योगायोग होता. दीर्घ मंद काळ आणि जलद काळ यांची गोळाबेरीज होऊन सरासरी तेथे आली. आजची गती तर मागील कोणत्याही काळाला लावता येत नाही. 1950 च्या करारान्वये प्रपातावर पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान 1,00,000 घनफूट आणि इतर वेळी किमान 50,000 घनफूट पाणी सोडावयाचे, व उरलेले वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून न्यावयाचे असे ठरले आहे. नदीचा सरासरी प्रवाह 2,00,000 घनफुटांच्या आसपास असता निम्मे किंवा त्याहून अधिक पाणी कड्यावरून जातच नाही. मोठ्या प्रपाताची माघार त्यामुळे वर्षाला एका फुटाच्या आसपास, किंबहुना त्याहूनही कमी, झाली आहे.

आणि खडकाचे थर सपाट नाहीत. ते दक्षिणेकडे मंद उताराने खाली जातात. प्रपात जसजसा एरीकडे सरेल, तसतसा मृदू शेल अधिकाधिक खोल जाईल आणि कड्याची बहुतेक उंची कठीण डोलोमाइटचीच होईल. पायथा पोखरणारी यंत्रणा तेव्हा दुर्बल होईल, उंची घटेल, आणि हा निक पॉइंट एरीच्या तीरावर उभ्या कड्याच्या रूपाने न पोहोचता वाटेतच द्रुतवाहांत विरून जाण्याचा संभव आहे.