अडलेला ‘ण’

अमेरिकेतल्या एब नॅथन्सन यांनी कुटुंबासह तयार केलेला ‘बनानाग्राम्स’ हा खेळ २००६मध्ये बाजारात आला. त्यात पट नसतो, गुण नसतात. आपल्या सगळ्या सोंगट्या आडव्या-उभ्या शब्दांच्या एकाच सलग जाळीत बसवायच्या. ज्याच्या आधी बसतील त्याने हाक द्यायची, की प्रत्येकाने ढिगातून एकेक नवी उचलायची. देवरूखला आम्ही तो पुठ्ठ्याच्या, काना-मात्रा नसलेल्या अक्षरांनी खेळतो.

समजा, आडवा ‘कमळ’ आहे, त्याच्या ‘म’पासून खाली ‘मगर’ आणि ‘र’च्या डावीकडे ‘द’ लावून ‘दर’. आता ‘ण’ आला. ‘क’खाली ‘कण’ करावा, तर शेजारच्या ‘ग’मुळे ‘णग’ वाचला जातो. ‘ग’पुढे ‘गण’ करावा, तर वरच्या ‘ळ’मुळे उभा ‘ळण’ होतो. ‘रण’ म्हणावे, तर ‘दरण’!

इथे नवखा खेळाडू सगळी जाळी मोडतो, किंवा ‘ण’ ढिगात परत टाकतो आणि त्याबदली नियमाप्रमाणे तीन सोंगट्या ओढवून घेतो. खरे तर काढून पाहावी ती टोकाची सोंगटी, जिच्यावर दुसरा शब्द टेकलेला नाही. अशी इथे ‘द’. ती ‘ळ’च्या डोक्यावर ठेवा आणि ‘ण’ त्याच ‘ळ’खाली. उभा ‘दळण’ होतो, आडवा ‘गण’ही. ‘कमळ’, ‘मगर’ जागचे हलत नाहीत.

म्हणून अडल्यावर मी आधी न जमणारा जोड पाहतो. ‘ळण’च्या आधी एक अक्षर हवे होते, आणि ते जाळीतच होते.