चलनावर पेनाने लिहिलेला आकडा

नाशिकजवळच्या एका बांधकामाचे उदाहरण घेऊ. बिल्डरच्या ऑफिसने १२ मिलिमीटर जाडीच्या दहा टन सळईची ऑर्डर दिली. दर टनाला ५८,००० रुपये, जीएसटी वेगळा, आणि पैसे काट्यावरच्या प्रत्यक्ष वजनावर. एकूण वजनात दोन टक्क्यांपर्यंत कमीजास्त चालेल, असेही ऑर्डरमध्ये लिहिले होते. माल दोन गाड्यांतून आला. पहिल्या गाडीच्या चलनावर ६,१२० किलो, दुसऱ्या गाडीच्या चलनावर ३,९८० किलो. आठवड्याने दोन्ही गाड्यांचे मिळून एकच बिल आले, १०,१०० किलोचे.

पैसे सोडण्याआधी अकाउंट्समध्ये तिहेरी ताळा घातला जातो. किती मागवले ते ऑर्डर सांगते, किती आले ते चलन सांगते आणि किती मालाचे पैसे मागितले ते बिल सांगते. हे तीन आकडे शेजारी ठेवायचे. पूर्वी हे काम एखादा कारकून तिन्ही कागद टेबलावर पसरून करायचा. आता अनेक ठिकाणी कागद स्कॅन होतात, सॉफ्टवेअर त्यातले आकडे उचलते आणि स्वतःच जुळणी करून हिरवी किंवा लाल खूण दाखवते.

आपल्या उदाहरणात खूण हिरवीच येईल. दोन चलनांची बेरीज १०,१०० किलो, बिलही तेवढ्याचेच. ऑर्डरपेक्षा १०० किलो जास्त आहेत, पण तो एक टक्का झाला आणि दोन टक्क्यांची मुभा आहे. सगळे जमले. तरीही या बिलात न आलेल्या मालाचे पैसे मागितलेले आहेत.

दुसरी गाडी आली तेव्हा साइटच्या स्टोअरकीपरने ती काट्यावर घेतली होती. भरलेली गाडी ११,९४० किलो, रिकामी गाडी ८,०८० किलो, म्हणजे माल ३,८६० किलो. चलनापेक्षा १२० किलो कमी. त्याने चलनावरच्या छापील ३,९८० वर रेघ मारली, शेजारी पेनाने ‘३८६०, घट १२०’ असे लिहिले आणि ड्रायव्हरची सही घेतली. स्टोअरकीपरने जे करायचे ते सगळे केले होते. स्कॅन झाल्यावर सॉफ्टवेअरने मात्र ठळक, छापील आणि ठरलेल्या चौकटीत बसलेला आकडा उचलला. रेघेला त्याने कागदावरचा डाग मानले, आणि पेनाचा मजकूर चौकटीबाहेर असल्यामुळे तो वाचलाच नाही.

या कामात सर्वांत जास्त फसगत इथेच होते, म्हणून इथे थोडे थांबू. चलन कोण लिहितो? माल पाठवणारा. बिल कोण करतो? तोच. त्याच्या चलनाशी त्याचे बिल जुळले, तर त्यातून एवढेच कळते की त्याने दोन्ही कागदांवर एकच आकडा लिहिला. माल खरेच उतरला की नाही, हे त्यावरून कळत नाही. तिहेरी म्हणवला जाणारा ताळा अशा वेळी दुहेरीच असतो. माल घेणाऱ्याने स्वतः मोजून लिहिलेला आकडा तिसऱ्या जागी आला, तरच जुळणीला अर्थ येतो. तो आकडा चलनावरचा पेनाचा शेरा असेल, काटापावती असेल किंवा गेटवरच्या माल-आवक वहीतली नोंद असेल. म्हणून सॉफ्टवेअर बसवताना चलनातून एक नव्हे, दोन आकडे उचलायला सांगावेत, ‘पाठवले’ आणि ‘मिळाले’. ‘मिळाले’ची जागा कोरी असेल, तर तिथे ‘पाठवले’ आपोआप भरू देऊ नये. तो कागद बाजूला काढून माणसाकडे पाठवावा.

पेनाने लिहिलेले आकडे वाचण्यात आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. स्टोअरकीपर देवनागरीत लिहितात, इंग्रजीत लिहितात, कधी एकाच आकड्यात दोन्ही मिसळतात. देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि घाईत काढलेला ४ इंग्रजी 8 सारखा. कार्बन कॉपीत टनाच्या आकड्यातला ठिपका पुसट झाला, की 3.860 टनांचे 3860 टन होतात. एवढा मोठा आकडा निदान नजरेत भरतो. १ चा 9 झाला, तर कुणाला शंकाही येत नाही.

यावर उपाय कागदातच असतो. बिलावर वजन, दर आणि रक्कम असे तिन्ही लिहिलेले असते. उचललेले वजन गुणिले दर केल्यावर छापील रक्कम आली, तर बिल बरोबर वाचले गेले आहे असे धरायला हरकत नाही. १०.१ टन गुणिले ५८,००० म्हणजे ५,८५,८०० रुपये. बिलावर करापूर्वीची रक्कम तेवढीच हवी. चलनावर बहुधा दर नसतो, त्यामुळे तिथे हा पडताळा मिळत नाही. तिथे काटापावती कामी येते, कारण भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की निव्वळ वजन आलेच पाहिजे. पावतीवरचे तीन आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, तर त्यांतला एखादा चुकीचा वाचला गेला आहे किंवा मुळातच चुकीचा लिहिला गेला आहे.

या टप्प्यावर एक गोष्ट अजिबात करू नये. चलनावरचा अंक धूसर आहे आणि बिलावर ३,९८० आहे, म्हणून चलनावरही ३,९८० असणार, असा तर्क सॉफ्टवेअरनेही करू नये आणि माणसानेही. जुळणी ज्याची तपासायची, त्याच्याच आधारे आकडा वाचला तर तो नेहमीच जुळेल. प्रत्येक कागद इतर कागद समोर नसताना वाचावा आणि वाचता न आलेली जागा रिकामी ठेवावी.

आता १२० किलोंची घट खरी होती की काट्याचा फरक होता, हे पाहू. अशा वेळी ड्रायव्हरचे ठरलेले उत्तर असते, “साहेब, आमच्या काट्यावर बरोबर होतं, तुमचा काटा कमी दाखवतोय.” दोन काट्यांत थोडा फरक पडतो, हे खरे आहे. म्हणून सळया मोजायच्या. १२ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला ०.८८८ किलो धरतात, म्हणजे बारा मीटरची एक सळई सुमारे १०.६६ किलोची. ३,९८० किलोंच्या साधारण ३७३ सळया व्हायला हव्यात. मोजल्यावर ३६२ भरल्या, तर त्यांचे वजन ३,८६० किलोंच्या अगदी जवळ येते. काटा बरोबर आहे आणि सळयाच कमी आल्या आहेत.

मोजणीत ३७४ सळया भरल्या असत्या आणि काटा तरीही ३,८६० दाखवत असता, तर? मग प्रत्येक सळई १०.३२ किलोची, म्हणजे ठरीव वजनापेक्षा तीन टक्के हलकी. सळईच्या भारतीय मानकात, आयएस १७८६ मध्ये, या जाडीच्या मालाला पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो. तेव्हा नग पूर्ण आणि माल मानकात बसणारा. आपल्या ऑर्डरमध्ये पैसे प्रत्यक्ष वजनावर ठरले आहेत, त्यामुळे द्यायचे ३,८६० किलोंचेच. ऑर्डर नगावर किंवा ठरीव वजनावर असती, तर पुरवठादाराचे बिल योग्य ठरले असते. म्हणून मी ऑर्डरमधला मोजमापाचा आधार संख्येइतकाच महत्त्वाचा मानतो. ऑर्डर टनात, चलन बंडलात आणि बिल किलोत असेल, तर सगळे एका एककात आणल्याशिवाय जुळणीला सुरुवातच करू नये.

मालाच्या वर्णनाचेही असेच आहे. एकाच बिलात ८, १२ आणि १६ मिलिमीटरच्या सळया असतील, तर कराचा एचएसएन कोड सगळ्यांना एकच असतो. कोडवरून ओळी जुळवल्या, तर १२ ची घट १६ च्या वाढीत लपून जाते. जुळणी जाडीनिहाय, ओळीनिहाय करावी लागते.

मुभेचाही इथे संबंध येतो. १२० किलो ही दुसऱ्या गाडीची तीन टक्के घट आहे, पण पूर्ण बिलावर मांडली तर जेमतेम सव्वा टक्का. मुभा एकूण बिलावर लावली, की एका गाडीची मोठी घट दुसऱ्या गाडीच्या मापात विरघळून जाते. काट्याच्या फरकासाठी प्रत्येक गाडीला, समजा, अर्धा टक्का ठेवावा. ऑर्डरमधले दोन टक्के वेगळ्या कामासाठी आहेत. दहा टनांपेक्षा थोडा जास्त माल आला तर तो परत पाठवावा लागू नये, एवढाच त्यांचा अर्थ. न आलेल्या मालाचे पैसे द्यायला ते परवानगी देत नाहीत.

मग द्यायचे किती? मुभेसह मागवलेले १०,२०० किलो, मिळालेले ९,९८० आणि बिलातले १०,१००, या तिघांतला सर्वांत लहान आकडा घ्यायचा. म्हणजे ९,९८० किलोंचे ५,७८,८४० रुपये आणि त्यावर कर. १२० किलोंचे ६,९६० रुपये आणि त्यावरचा अठरा टक्के कर धरला, तर ८,२१२ रुपये ८० पैसे अडवायचे. बिलावर स्वतः खाडाखोड करायची नाही. पुरवठादाराकडून तेवढ्याची क्रेडिट नोट घ्यायची, म्हणजे त्याच्या आणि आपल्या जीएसटीच्या नोंदी जुळतात.

हे लगेच आणि लेखी कळवावे लागते. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते आणि पैशांची मुदत माल पोचल्या दिवसापासून मोजली जाते. करार असला तरी ही मुदत पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. बिल आल्यावर सावकाश जुळणी करू म्हणणाऱ्याची हरकतीची मुदत अनेकदा तोवर टळलेली असते. स्टोअरकीपरने चलनावर लिहिलेली घट त्याच दिवशी फोटोसह पुरवठादाराला ईमेलने गेली, तर पुढचा वाद बराच छोटा होतो.

शेवटी ऑर्डरची शिल्लक. दहा टनांपैकी २० किलो यायचे राहिले. साइटला त्यांची गरज नसेल, तर ऑर्डर तिथेच बंद झाल्याची नोंद करावी. उघड्या ऑर्डरवर मुभेसकट २२० किलोंची जागा शिल्लक राहते, आणि पुढच्या महिन्यात आलेले १२० किलोंचे वेगळे बिल, जुन्याच चलनाचा क्रमांक लावून, तिथे सहज बसते. म्हणून प्रत्येक चलन क्रमांक कोणत्या बिलाला लागला, हे सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेले असावे, आणि एकदा लागलेला क्रमांक दुसऱ्या बिलावर दिसला की पेमेंट थांबावे.