बाथरूमच्या झरोक्यात साळुंकीनं घरटं केलंय? राहू द्यायचं की काढायचं, हे गिझर ठरवतो

मार्च उजाडला की साताऱ्या-सांगलीत एक गोष्ट हमखास घडते. बाथरूमच्या झरोक्यातून काड्या पडायला लागतात. काचेची एखादी पट्टी निघालेली असते, नाहीतर एक्झॉस्ट फॅनसाठी ठेवलेलं भोक रिकामं असतं. तिथं चिमणी किंवा साळुंकी संसार मांडते.

घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. आजी म्हणते, राहू दे बिचारीला. बाकीचे म्हणतात, घाण होते, काढून टाका.

आधी कायदा बघू. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस आणि घरट्यांना त्रास देणं येतं. त्यामुळं अंडी असलेलं घरटं उचलून फेकणं हा पर्याय नाहीच.

पण एक ठिकाण धोक्याचं आहे. ते म्हणजे गॅस गिझर असलेलं बाथरूम.

साळुंकी गवत, कागद, प्लास्टिक असं काहीही कोंबून भोक बुजवते. झरोका बंद झाला की गिझरला हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना रंग, ना वास. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि आतला माणूस बेशुद्ध पडू शकतो. निळी ज्योत पिवळी दिसू लागली तर गिझर लगेच बंद करा. पण ज्योत निळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

मग करायचं काय?

समजा, सांगलीत विश्रामबागच्या एका फ्लॅटमध्ये साळुंकीनं 1 एप्रिलच्या सुमारास अंडी घालायला सुरुवात केली. चार-पाच अंडी व्हायला तेवढेच दिवस. उबवायला साधारण दोन आठवडे. पिल्लं उडायला आणखी तीन ते चार आठवडे. म्हणजे मे महिन्याच्या मध्यापर्यंत झरोका मोकळा होतो. तोवर गिझर बंद ठेवायचा. सांगलीच्या एप्रिलमध्ये गरम पाणी लागतंय कुणाला! लागलंच तर स्वयंपाकघरात तापवून घ्यायचं. चिमणीचा हाच कार्यक्रम महिन्याभरात आटोपतो.

आत हात न घालताही मुक्काम कुठवर आलाय ते कळतं. चोचीत काड्या दिसल्या तर बांधकाम चालू आहे. ये-जा कमी झाली तर अंडी उबवणं चालू असावं. चोचीत किडे आणि आतून चिवचिवाट असेल तर पिल्लं आलीत.

गॅस गिझर नसलेल्या खोलीचा झरोका असेल तर त्यांना खुशाल राहू द्या. पंखा असेल तर तेवढे दिवस त्याचं बटण टेप लावून बंद ठेवा.

पिल्लं उडाली की मात्र उशीर नको. कारण तीच जोडी त्याच जागी पुन्हा अंडी घालू शकते. दोन-तीन दिवस ये-जा नाही याची खात्री करा. मास्क आणि हातमोजे घालून काड्यांवर पाणी शिंपडा, मगच त्या काढा. जुन्या घरट्यातले बारीक किडे घरात शिरून माणसालाही चावतात. मग बाहेरून अर्धा इंची जाळी ठोका. हवा येत राहील, पक्षी येणार नाही.

पुढच्या वर्षी हीच जाळी फेब्रुवारीत तपासा, म्हणजे पहिली काडी यायच्या आतच प्रश्न मिटेल.