लसीकरणाच्या सूचनेतील ‘नववा महिना’

ठाणे पूर्वेतील कोपरीत १ जानेवारी २०२५ रोजी, बुधवारी, एक बालक जन्मले असे समजू. इंग्रजी स्मरणपत्रातील सहा, दहा व चौदा आठवडे मराठीत ‘दीड, अडीच व साडेतीन महिने’ होतात, तेव्हा तारखा सरकतात. आठवडेच ठेवावेत, मग पेंटाव्हॅलंटच्या तारखा १२ फेब्रुवारी, १२ मार्च व ९ एप्रिल, सर्व बुधवारच, येतात.

अधिक घातक चूक गोवराची. ‘नवव्या महिन्यात’ लिहिले की आई १ सप्टेंबरलाच येते. तेव्हा आठच महिने पूर्ण झालेले असतात. आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्ये त्या वयात लस निष्प्रभ करू शकतात. म्हणून ‘नऊ महिने पूर्ण झाल्यावर, १ ऑक्टोबरपासून’ असेच लिहावे.

अंतराचेही तसेच. पहिली मात्रा २६ फेब्रुवारीस मिळाली, तर दुसरी १२ मार्चला नव्हे, किमान चार आठवड्यांनी, २६ मार्चला द्यावयाची. ‘मागील मात्रेपासून’ हे शब्द गाळले की आई जन्मतारखेपासूनच मोजते. उशीर झाला तरी मात्रा पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत, हेही सूचनेत यावे. येताना माता व बाल संरक्षण कार्ड आणावे आणि लस दिल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबावे.