६ + ४ = ४ ची उत्तरं किती?

काड्यांनी मांडलेलं ६ + ४ = ४ हे चुकीचं समीकरण एकच काडी हलवून बरोबर करायचं, हे कोडं बऱ्याच जणांनी सोडवलेलं असतं. एक उत्तर सापडलं की आपण काड्या गोळा करतो. पण उत्तरं एकूण किती आहेत, हे नेमकं सांगता येतं आणि खरी गंमत तिथेच आहे.

आकडे कॅल्क्युलेटरवर दिसतात तसे मांडायचे. ८ ला सात काड्या लागतात. ०, ६, ९ ला सहा. २, ३, ५ ला पाच. ४ ला चार, ७ ला तीन आणि १ ला दोन. एका काडीने आकडा तीनच प्रकारे बदलू शकतो. काडी त्याच आकड्यात जागा बदलते, आकडा काडी देतो किंवा घेतो. जागा बदलून ०, ६ आणि ९ एकमेकांत जातात. २ चा ३ होतो, ३ चा ५ होतो. मात्र २ चा थेट ५ होत नाही. काड्या सारख्याच असल्या तरी त्यातल्या दोन हलवाव्या लागतात, आणि घाईत इथेच फसायला होतं. काडी देऊन ८ चा ०, ६ किंवा ९ होतो, ९ चा ३ किंवा ५, ६ चा ५ आणि ७ चा १. घेताना हीच यादी उलटी वाचायची. ४ बिचारा कुठेच नाही. तो काडी देत नाही, घेत नाही, स्वतःत बदलतही नाही.

म्हणून आपल्या कोड्यातले दोन्ही ४ बाजूला ठेवता येतात. उरतात ६ आणि अधिकचं चिन्ह. (बरोबरच्या चिन्हातली काडी काढली तर समीकरणच उरत नाही.) ६ मधली काडी आतच हलवली तर ० किंवा ९ मिळतो. ९ + ४ चे १३ होतात, ते जमत नाही; ० + ४ = ४ मात्र बरोबर. ६ ने काडी दिली तर तो ५ होतो, पण ती काडी घेणारं कोणी नाही. पुढे उणे म्हणून ठेवली तरी −५ + ४ म्हणजे −१. अधिकची उभी काडी काढली तर उणे उरतं. ती काडी ६ ला देऊन ८ करायचा: ८ − ४ = ४. तीच काडी ६ च्या आधी उणे म्हणून ठेवली तर −६ − ४ म्हणजे −१०. यादी संपली. उत्तरं दोनच.

मग काही जण ५ + ४ = ९ हे तिसरं उत्तर देतात, ते कुठून आलं? त्यांचा ९ खालच्या आडव्या काडीशिवाय, पाच काड्यांचा असतो. असा ९ चालत असेल तर ४ च्या डोक्यावर एक आडवी काडी ठेवली की तो ९ होतो, म्हणजे ६ ने दिलेल्या काडीला घर मिळतं. तेव्हा कोडं घालणाऱ्याने आपला ९ कसा आहे ते आधी मांडून दाखवावं. नाहीतर दोन म्हणणारा आणि तीन म्हणणारा, दोघंही बरोबर असतात.