लेखाच्या पोटातल्या फायली आणि त्यांचा पत्ता

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. रजनीश जोशी आणि त्यांच्या तीन सहलेखकांचा एक शोधनिबंध डिसेंबर २००६ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात आला. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णांची सेवा करणाऱ्यांना क्षयाची लागण किती होते, हा त्याचा विषय. ४२ लेखांतले ५१ अभ्यास त्यांनी एकत्र मांडले आणि दिसले असे, की या देशांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सरासरी ५४ टक्क्यांच्या शरीरात क्षयाचा जंतू सुप्तावस्थेत आहे.

या निबंधाचा संदर्भ नीट पाहा. खंड ३, अंक १२, आणि पुढे पानाच्या जागी `e494`. लेखाचे खरे घर संगणकाच्या जाळ्यावर असल्यामुळे पानाऐवजी त्याला क्रमांक दिलेला आहे. पत्ता पानावरून क्रमांकावर आला की एक विलक्षण गोष्ट शक्य होते. लेख पानांच्या चौकटीत राहत नाही, त्याच्यामागे हव्या तितक्या फायली उभ्या राहू शकतात. कोणते शब्द टाकून जुने अभ्यास शोधले, कोणते वगळले आणि का, प्रश्नावली कशी होती, छापील लेखात न मावलेले तक्ते कोणते, हे सगळे तिथे असते. दहा पानांच्या लेखामागे दोनशे पानांचे परिशिष्ट असणे आज नवलाचे राहिलेले नाही. अनेकदा खरा अभ्यास तिथेच असतो आणि लेख म्हणजे त्याचा सारांश.

मग अशा परिशिष्टातला आकडा आपल्या लेखनात वापरला, तर संदर्भ कशाचा द्यायचा?

समजा, सेवाग्राममध्ये एमडीचा प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीला ‘लॅन्सेट’मधल्या एका लेखाच्या परिशिष्टात, चौदाव्या पानावर, हवा तो तक्ता सापडला. परिशिष्टाला बहुधा स्वतंत्र शीर्षक नसते, स्वतंत्र खंड-अंक नसतो. म्हणून संदर्भसूचीत ती मूळ लेखच लिहील: लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, पाने आणि डीओआय. जागा दाखवायचे काम मजकुरात होईल. जिथे आकडा आला, तिथे संदर्भाच्या क्रमांकाबरोबर ती ‘परिशिष्ट, पृ. १४’ असे लिहील. हे चौदावे पान परिशिष्टाचे, लेखाचे नव्हे. परिशिष्टाची पाने एकपासून वेगळी मोजली जातात. ‘परिशिष्ट’ हा शब्द गाळून नुसते ‘पृ. १४’ लिहिले, तर वाचक लेखात ते पान शोधत बसेल आणि त्याला ते मिळणार नाही.

प्रत्येक नियतकालिकाची नावे ठेवण्याची तऱ्हा मात्र निराळी, आणि ती जशीच्या तशी उतरवून घ्यावी. ‘जामा’मध्ये `eTable 1 in Supplement 2` अशी खूण असते, कारण तिथे एका लेखाला दोन-तीन जोडफायली असतात आणि पहिल्या फाइलमध्ये बऱ्याचदा चाचणीचा आराखडा असतो. फाइलचा क्रमांक गाळला, तर वाचक आराखडा उघडून बसतो. ‘प्लॉस’च्या जुन्या लेखांत `Table S1` असायचे, नव्यांत `S1 Table` असते. आपल्याला बरे दिसते म्हणून ही नावे बदलली, की शोधणाऱ्याचा धागा तुटला.

आता यातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग. काही प्रकाशकांकडे जोडफाइललाही स्वतःचा डीओआय असतो. ‘प्लॉस’मध्ये लेखाच्या डीओआयला शेवटी शेपूट जोडतात: पहिल्या फाइलला `.s001`, दुसरीला `.s002`. डीओआयची नोंद ठेवणाऱ्या ‘क्रॉसरेफ’ या संस्थेकडे लेखाच्या घटकांसाठी वेगळा नोंदप्रकारच आहे आणि त्या नोंदीत मूळ लेख कोणता तेही सांगावे लागते. म्हणजे फाइल स्वतःच आपण कोणाची ते सांगते. असा डीओआय असेल, तर मूळ लेखाच्या संदर्भाबरोबर तोही द्यावा. आणि लेखकांनी कच्ची माहिती ‘झेनोडो’ किंवा ‘ड्रायड’सारख्या भांडारात ठेवली असेल, तर ती जोडफाइल उरत नाही. तिला शीर्षक, वर्ष, आवृत्ती आणि डीओआय असतो, तेव्हा संदर्भसूचीत तिची वेगळी ओळ हवी.

एका इंग्रजी अक्षराने इथे पुष्कळांची गल्लत होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांच्या घरगुती काळजीचा जो प्रयोग केला, त्याच्या दहा वर्षांच्या मृत्युदराचा निबंध २००५ मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनेटॉलॉजी’त आला. त्याची पाने `S92-S107` अशी आहेत. हा `S` परिशिष्टाचा नाही. तो संपूर्ण अंकच विशेष पुरवणी अंक होता आणि त्याची पाने वेगळी मोजली होती. हा पूर्ण निबंध आहे, त्याला लेखक आहेत, तो स्वतंत्रपणेच उद्धृत करायचा. ओळखायचे कसे? `S` पानाच्या आकड्याला लागलेला असेल तर बहुधा पुरवणी अंक, तक्त्याच्या किंवा आकृतीच्या क्रमांकाला असेल तर जोडफाइल.

फाइल हातात आली तरी ती जपून उघडावी. २०१६ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’त आलेल्या एका पाहणीत दिसले, की ज्या लेखांना जनुकांच्या याद्यांच्या एक्सेल फायली जोडल्या होत्या, त्यांतल्या सुमारे एक पंचमांशांत जनुकांची नावे बिघडली होती. `SEPT2` या जनुकाला एक्सेलने दोन सप्टेंबर ही तारीख समजून `2-Sep` केले होते. पुढे जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने नावच बदलून `SEPTIN2` केले. शिवाय जोडफायली लेखाइतक्या टिकत नाहीत. प्रमुख नियतकालिकांच्या कित्येक जोडफायली जागेवर मिळत नाहीत, हे २००५ मध्येच एका अभ्यासाने दाखवले होते. म्हणून फाइल पाहिल्याची तारीख लिहावी आणि स्वतःजवळ तिची प्रत ठेवावी.

शेवटची गोष्ट अन्यायाची आहे. लेखाच्या मुख्य संदर्भसूचीतली नावे मोजणाऱ्या यंत्रणा परिशिष्टातली संदर्भसूची सहसा वाचतच नाहीत. २००८ मध्ये ‘नेचर’मधल्या एका पत्राने ही तक्रार जाहीरपणे मांडली होती. सेवाग्रामच्या रुग्णालयातल्या ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयाच्या दोन वेगवेगळ्या चाचण्यांनी तपासणी करणारा अभ्यास २००५ मध्ये ‘जामा’त आला. असा अभ्यास एखाद्या जागतिक आढाव्याने वापरला, पण त्याचे नाव फक्त परिशिष्टाच्या यादीत ठेवले, तर त्याचा आकडा घेतला जातो आणि श्रेय मोजले जात नाही. शहरापासून दूर, थोड्या साधनांत काम करणाऱ्यांना याची झळ अधिक बसते. म्हणून परिशिष्टातल्या तक्त्यातून दुसऱ्या कुणाचा आकडा घ्याल, तेव्हा तो मूळ अभ्यास शोधा, वाचा आणि त्याचे नाव आपल्या मुख्य संदर्भसूचीत लिहा.