बॅटरीच्या लेबलवरून दिसणारे सेल

भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल आणि जुन्या टॉर्चमधला जाडजूड सेल शेजारी ठेवा. वजनात कितीतरी पटींचा फरक, पण दोन्हींवर आकडा एकच: १.५ व्होल्ट. सेल लहान असो की मोठा, व्होल्ट ठरतात ते आतल्या द्रव्यांवरून. जस्त आणि मँगनीज डायऑक्साइडची जोडी १.५ व्होल्ट देते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसं आणि गंधकाम्ल असतं, तिचा एकेक कप्पा २ व्होल्टचा. लिथियम-आयन सेलचा आकडा ३.६ किंवा ३.७. कारखानदाराला हा आकडा मनाप्रमाणे वाढवता येत नाही. जास्त व्होल्ट हवे असतील, तर सेल एकामागे एक जोडावे लागतात.

म्हणूनच लॅपटॉपची बॅटरी न उघडताही आत काय आहे ते कळतं. समजा जुन्या बॅटरीवर ‘१०.८ व्होल्ट, ४४०० एमएएच, ४८ वॅट-अवर’ असं छापलंय. १०.८ ला ३.६ ने भागलं की ३ येतात. म्हणजे सेलच्या तीन पायऱ्या. बॅटरी सहा सेलची असेल, तर प्रत्येक पायरीवर दोन सेल समांतर जोडलेले आहेत आणि प्रत्येकाची क्षमता २२०० एमएएच. समांतर जोडणीत एमएएच वाढतात, व्होल्ट तेवढेच राहतात. वॅट-अवर म्हणजे एकूण साठवलेली ऊर्जा: १०.८ गुणिले ४.४, सुमारे ४८.

आता तिच्या जागी बसवायला दुकानदार दोन बॅटऱ्या पुढे ठेवतो. एकीवर ११.१ व्होल्ट आणि ४४०० एमएएच आहे. इथे घाबरायचं कारण नाही. त्याच तीन पायऱ्या. एका कारखानदाराने सेलमागे ३.६ धरले, दुसऱ्याने ३.७. छापलेले व्होल्ट सरासरीचे असतात. प्रत्यक्षात ही बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्टवर असते आणि वापरता वापरता ९ च्या आसपास उतरते.

दुसरी बॅटरी १४.८ व्होल्ट, ३३०० एमएएचची. गुणाकार केला तर तिच्यातही ४९ वॅट-अवर भरतात, म्हणजे ऊर्जा पहिलीइतकीच. (एमएएच कमी म्हणून ती दुबळी, असं म्हणणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो.) तरीही ती घ्यायची नाही, कारण ती चार पायऱ्यांची आहे. लॅपटॉपमधलं चार्जिंगचं सर्किट तीन सेलसाठीच बनवलेलं असेल, तर ते १२.६ व्होल्टला थांबतं. चार सेलमध्ये वाटणी झाली की प्रत्येकाला मिळतात ३.१५ व्होल्ट, म्हणजे सेल जवळजवळ रिकामाच. शिवाय ती भरलेली आली, तर तिचे १६.८ व्होल्ट अशा भागांवर पडतात, जे तेवढ्यासाठी निवडलेलेच नसतात. बरेच लॅपटॉप अशी बॅटरी ओळखून नाकारतात. ते आपलं नशीब. काही मोजकी मॉडेलं दोन्ही प्रकार चालवून घेतात, पण ते कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत लिहिलेलं असेल तरच मानावं.

उलटी चूक जास्त धोक्याची. तीन सेलच्या जागी दोन सेलची, ७.४ व्होल्टची बॅटरी बसवली, तर ८.४ ला भरून जाणाऱ्या बॅटरीत सर्किट १२.६ पर्यंत रेटत राहतं. आतली संरक्षक पट्टी वेळीच तोडेल ही आशा. ती बिघडली, तर सेलमध्ये वायू होऊन तो फुगतो, प्रसंगी पेटतो. ११.४ व्होल्टच्या बॅटरीचाही सापळा असाच, फक्त बारीक. तिचे सेल ४.३५ व्होल्टपर्यंत भरायचे असतात. तिच्या जागी ११.१ ची बॅटरी लावली, तर ४.२ ला थांबायला हवेत ते सेल मर्यादेपलीकडे भरले जाऊ शकतात. म्हणजे १०.८ आणि ११.१ एक, पण ११.१ आणि ११.४ एक नव्हेत.

व्होल्ट जुळले की मग एमएएच जास्त असले तरी चालतात; वेळ वाढतो, एवढंच. मात्र त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. त्याच आकाराच्या सहा सेलच्या बॅटरीवर ‘७८०० एमएएच’ लिहिलं असेल, तर प्रत्येक सेल ३९०० चा हवा. या बॅटऱ्यांत असणारा नेहमीचा दंडगोल सेल, १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, साधारण ३५०० च्या पुढे फारसा जात नाही. खरी ७८०० ची बॅटरी बहुधा नऊ सेलची असते आणि लॅपटॉपच्या मागून बाहेर डोकावते. एकेक सेल सुमारे ४५ ग्रॅमचा, त्यामुळे सहा सेलचंच वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या घरात जातं. हातात घेतलेली ‘सहा सेल’ची बॅटरी दोनशे ग्रॅमचीच भरली, तर लेबल काहीही म्हणो, ती परत करावी.

बसवल्यानंतर विंडोजमध्ये ही आज्ञा द्या:

```
powercfg /batteryreport
```

तयार होणाऱ्या अहवालात मूळ क्षमता मिलिवॅट-अवरमध्ये दिसते. आपल्या उदाहरणात ती ४८,००० च्या आसपास हवी. पण हा आकडा बॅटरीतल्या चिपने सांगितलेला असतो, आणि चिपमध्ये खोटा आकडा भरता येतो. पक्की खात्री हवी असेल, तर बॅटरी पूर्ण भरून एकसारखं काम चालू ठेवा. सरासरी १२ वॅट खाणारा लॅपटॉप ४८ वॅट-अवरवर चार तासांच्या आसपास चालायला हवा. दोनच तासांत बंद पडला, तर आतले सेल निम्म्याच ताकदीचे आहेत.